मामाच्या कपाटात काय नाही

भरपूर वाचणाऱ्या माणसाला पुस्तक भेट द्यायचं म्हटलं की दुकानदार हमखास नवीन काय आलंय ते पुढे करतो. त्यामागचा हिशेब सरळ आहे: नवीन आहे म्हणजे त्यांच्याकडे नसणार. पण नसणं आणि हवं असणं यांत बरंच अंतर असतं. शिवाय असा माणूस पुस्तकांच्या दुकानात आपल्यापेक्षा जास्त वेळा जातो, त्याने ते नवीन पुस्तक चाळून खाली ठेवलेलं असण्याचीच शक्यता अधिक. मला वाटतं, अशा माणसासाठी पुस्तक शोधायचं तर दुकानात शिरण्याआधी त्याच्या कपाटाशी बसावं लागतं. आणि तेही त्याला पत्ता न लागता.

माझा मामा आचऱ्याला राहतो, मालवण तालुक्यात. शाळेत मराठी शिकवायचा, निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. यंदा कार्तिकात त्याला पंचाहत्तर पूर्ण होणार होती. बाकीच्यांनी शाल, घड्याळ वगैरे ठरवलं, पुस्तकाचं काम माझ्याकडे आलं. मी ते आनंदाने घेतलं, कारण मला वाचायला लावणारा माणूस तोच.

अशा वेळी पहिला सोपा उपाय सुचतो तो फोटोचा. गणपतीत सगळं घर जमतं, फोटो निघतच असतात, त्यात कपाटाचाही एक काढून घ्यायचा आणि नंतर मोठा करून कण्यांवरची नावं वाचायची. शहरातल्या उघड्या फळ्यांवर हे जमेलही. कोकणातल्या घरात जमत नाही. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की मामाची पुस्तकं बंद स्टीलच्या कपाटात असतात, भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेल्या. आत दोन रांगा, मागची दिसतच नाही. जुनी पुस्तकं पत्र्याच्या ट्रंकेत. आणि बहुतेक सगळ्यांना खाकी कागदाची कव्हरं घातलेली, त्यावर शाईने लिहिलेली नावं पुसट झालेली. भाद्रपदात मी फोटो काढला असता तर हाती खाकी पट्ट्यांच्या दोन ओळी लागल्या असत्या.

म्हणून मी दसऱ्याची वाट पाहिली. पाऊस उघडला की मामा पुस्तकांना ऊन दाखवतो. हे काम एकट्याचं नाही, त्यामुळे मदतीला कोणी आलं तर तो खूश असतो आणि शंका घेण्याचं कारणही उरत नाही. एका वाचकाची सगळी पुस्तकं, मागच्या रांगेतली आणि ट्रंकेतलीसुद्धा, वर्षातून त्या एकाच सुमारास बाहेर येतात.

ऊन दाखवायचं म्हणतात खरं, पण पुस्तकं थेट उन्हात टाकत नाहीत. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन कडक. त्यात लाल आणि पिवळी मुखपृष्ठं फिकटतात आणि कागदी बांधणीचा डिंक तडकून पानं सुटतात. खळ्यात सकाळचं कोवळं ऊन असेपर्यंत चटई, नंतर सगळं पडवीत, जिथे वारा खेळतो. पुस्तक आडवं न ठेवता उभं ठेवायचं, पानं पंख्यासारखी थोडी उघडून, म्हणजे पोटातली ओल निघते. मग सुक्या सुती फडक्याने कणा आणि तिन्ही कडा पुसायच्या. कसर लागली असेल तर कव्हरावर आणि कण्याच्या खळीवर वेडीवाकडी खरवडल्यासारखी खूण दिसते, तेवढं पुस्तक वेगळं ठेवायचं. वाळवी मात्र मातीची रेघ ओढत येते. ती दिसली तर पुस्तकाआधी कपाट आणि भिंत तपासायची. आत परत ठेवताना मामा फळीच्या कोपऱ्यात वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवतो.

हे चालू असताना मी म्हटलं, "मामा, एवढी पुस्तकं बाहेर आलीच आहेत तर यादी करून टाकूया. मी लिहिते, नंतर घरी जाऊन टाइप करून देते." ही सबब होती आणि नव्हतीही. त्याला अशी यादी कित्येक वर्षांपासून हवी होती. म्हणून ती सांगताना मला चोरटं वाटलं नाही. गुपचूप माहिती काढायचीच असेल तर त्या माणसालाही उपयोगी पडेल असं काम हाती घ्यावं, हे माझं ठाम मत आहे. फोन चालू ठेवून बोलणं टेपणं, तो झोपलेला असताना कपाट उघडणं, हे मला पटत नाही. वाचनालयात जाऊन त्याने काय काय नेलं होतं ते विचारणंही नाही. कोणी काय वाचलं ते त्याचं त्याच्यापाशी राहावं.

यादीत पाच रकाने केले: नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष, आणि शेवटचा 'प्रकार'. हा शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी पडला. श्री. ना. पेंडशांचं 'गारंबीचा बापू' घ्या. कादंबरी 1952 ची. त्यांनीच पुढे तिचं नाटक केलं, त्याचंही नाव तेच. खाकी कव्हरावर शाईने 'गारंबीचा बापू' एवढंच लिहिलेलं असेल तर आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. जाडीवरून अंदाज येतो, पण खात्रीसाठी आतलं नामपृष्ठ उघडावंच लागतं. 'आहे' म्हणून खूण करून मोकळं झालं आणि घरात नुसतं नाटकच निघालं, तर कादंबरी द्यायची राहून गेली. आणि उलटही होतं.

दुसरी गल्लत टोपणनावांची. आमच्या भागात चि. त्र्यं. खानोलकर हे नाव प्रत्येक वाचत्या घरात असतं. 'कोंडुरा' आणि 'चानी'वर खानोलकर असतं, पण 'जोगवा' आणि 'दिवेलागण' या कवितासंग्रहांवर आरती प्रभू. लेखकाच्या नावाने रांगा लावणाऱ्या मामाच्या कपाटात हा एकच माणूस दोन टोकांना बसलेला आहे. मी टाइप करताना दोघांना एकाखाली एक आणलं, तेव्हा आरती प्रभूंच्या रांगेत 'नक्षत्रांचे देणे' नाही असं दिसलं. मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला संग्रह, आणि खानोलकरांचं एवढं सगळं जमवणाऱ्या माणसाकडे तोच नाही! भेट सापडली असं मला वाटलं. तरी मागवण्याआधी मामीला फोन केला. तिला मी आधीच विश्वासात घेतलं होतं.

मामी म्हणाली, "ता कपाटात शोधू नको. ता त्येंच्या उश्याकडे आसता."

वाचणाऱ्या माणसाचं सगळ्यात आवडतं पुस्तक कपाटात नसतंच. ते उशीजवळ असतं, ओटीवरच्या आरामखुर्चीत असतं, देवघराच्या कोनाड्यात किंवा मुंबईला जाण्याच्या पिशवीत असतं. यादी कपाटाची असते, घराची नसते. म्हणून यादीत जे 'नाही' निघतं ते घरातल्या माणसाकडून एकदा पडताळून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पण घरातल्यालाही 'त्यांच्याकडे काय नाही?' असं विचारून भागत नाही, त्याचं उत्तर कोणालाच देता येत नाही. एका विशिष्ट पुस्तकाचं नाव घेऊन ते कुठे दिसतं का, एवढंच विचारावं. मामी फारशी वाचत नाही, पण कुठलं पुस्तक घरात कुठे पडलंय हे तिला मामापेक्षा जास्त माहीत आहे.

मग मी यादी दुसऱ्या नजरेने पाहू लागले: काय आहे यापेक्षा कसं आहे. लिहून घेताना मी प्रत्येक पुस्तकापुढे छोटी खूण केली होती. कण्यावर घड्या पडलेल्या, पानांच्या कडा मळलेल्या, शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने पृष्ठक्रमांक टिपलेले, म्हणजे हे पुन्हा पुन्हा वाचलेलं. मध्येच कुठेतरी एसटीचं तिकीट अडकलेलं आणि त्यापुढची पानं कोरीकरकरीत, म्हणजे तिथे सोडून दिलेलं. आणि पहिल्या पानावर 'आदरणीय सरांस सप्रेम भेट', पण उघडताना कणा कुरकुरला, म्हणजे कधीच न उघडलेलं. त्या शेवटच्या गठ्ठ्यात जवळजवळ सगळी यशस्वी कसं व्हावं याची अनुवादित पुस्तकं होती. विद्यार्थ्यांनी मनापासून दिलेली, मामाने मनापासून जपलेली, पण वाचलेली नाहीत. कुणाला काय देऊ नये हे कळायला असा एक गठ्ठा पुरे होतो.

निवडक कथांचे जाडजूड संग्रह मी दुकानात पाहिले होते, ते याच यादीमुळे बाद झाले. ज्याच्याकडे लेखकाचे सुटे कथासंग्रह आहेत त्याला 'निवडक' देणं म्हणजे त्याच्याच घरातल्या कथा नव्या मुखपृष्ठात घालून देणं. नावावरून ते कळत नाही. दुकानात अनुक्रमणिकेच्या पानाचा फोटो काढायचा आणि घरी सुट्या संग्रहांच्या अनुक्रमणिकेशी ताडून पाहायचं. मामाकडे तर जुने दिवाळी अंकही बांधून ठेवलेले आहेत, त्यामुळे पुस्तकात न आलेलीसुद्धा कथा त्याने वाचलेली असू शकते. मराठीत कित्येक कथा आणि कादंबऱ्या आधी दिवाळी अंकात येतात आणि मग पुस्तक होतं, हे ध्यानात ठेवावं.

अशा चाळणीतून शेवटी एक ओळ उरली. 'तुंबाडचे खोत', पेंडसे, खंड पहिला. दुसऱ्या खंडाची ओळच नव्हती. 1987 साली आलेली ही कादंबरी दोन खंडांत आहे आणि एक घेऊन दुसरा न घेणारा मामा नाही. पहिल्या खंडाच्या कण्याला तीन ठिकाणी घड्या, शेवटच्या पानावर पेन्सिलीचे आकडे. म्हणजे वाचून झालेली, आवडलेली, आणि अर्धी हरवलेली. पेंडसे दापोलीकडचे, खाडीच्या वरच्या अंगाचं कोकण त्यांचं. आमचं मालवणी मुलूख वेगळं, बोली वेगळी. तरीही मामा वर्गात वाड्यांची, घराण्यांची गोष्ट निघाली की तुंबाडच्या खोतांवर यायचाच, हे मला शाळेपासून आठवतं.

पण खंड हरवलाय की उशीजवळ आहे? मामीने सांगितलं, उशाकडे नाही. उसनवारीची एक वही मामा ठेवतो, तीही तिने पाहिली, त्यात नोंद नव्हती. याचा अर्थ वही सुरू होण्याआधी गेला असेल, किंवा कोणीतरी न सांगता नेला असेल. ज्याच्याकडे गेला त्याच्याकडून तो परत येईल अशी मामाची अजून वाट आहे का, हे मात्र मामालाच ठाऊक. तिथे थेट विचारणं भाग होतं.

थेट विचारण्याचा एक चांगला मार्ग आहे: मागायचं. वाचणारा माणूस 'तुझ्याकडे काय काय आहे?' या प्रश्नाला नीट उत्तर देत नाही, पण 'अमुक पुस्तक वाचायला देशील का?' म्हटलं की लगेच बोलतो. आहे, नाही, होतं, कोणी नेलं, कोणती आवृत्ती चांगली, सगळं सांगतो. मात्र यात एक खोट आहे. ज्या पुस्तकाची आपण चौकशी करू ते त्याच्याकडे नसेल तर त्याला त्याची आठवण होते, आणि खरा वाचक आठवण झालेलं पुस्तक मागवून टाकतो. भेट पोचायच्या आधी पुस्तक घरात! म्हणून मी क्रम उलटा केला. आधी पुस्तक मिळवलं, मग विचारलं.

मिळवायला वेळ लागला. संच नवा घेणं सोपं होतं, पण मामाच्या पहिल्या खंडावर त्याच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, तो बाजूला सारून कोरा संच देण्यात मला अर्थ वाटेना. त्याच आवृत्तीचा सुटा दुसरा खंड हवा होता. जुन्या पुस्तकांना छापील आयएसबीएन बहुतेक वेळा नसतो, त्यामुळे विक्रेत्याला नुसता क्रमांक पाठवून चालत नाही. मी पहिल्या खंडाच्या श्रेयनामावलीच्या पानाचा फोटो यादी करतानाच काढून ठेवला होता. त्यावरची आवृत्ती, वर्ष, प्रकाशक आणि पट्टीने मोजलेली उंची, एवढं मी जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला पाठवलं. पुनर्मुद्रणात मजकूर तोच असतो, पण कागद आणि आकार बदलू शकतो. शेजारी ठेवलं की एक खंड बोटभर वर डोकावतो, आणि मामाच्या नजरेला ते रोज दिसलं असतं.

जुनं पुस्तक घेताना एक गोष्ट तपासलीच पाहिजे, ती म्हणजे फॉर्मा. पुस्तक बहुधा 16 पानांच्या घड्यांत शिवलेलं असतं, या घडीला फॉर्मा म्हणतात. शिवण सैल झाली की सुटं पान पडत नाही, आख्खा फॉर्माच निघून जातो. पुस्तक बाहेरून धडधाकट दिसतं आणि आत पान 192 नंतर एकदम 209 येतं. म्हणून विक्रेत्याला शेवटच्या पानाचा फोटो न मागता, पृष्ठक्रमांक दर सोळा पानांनी तपासून सांगायला सांगावं. वाचनालयाचा शिक्का आहे का तेही विचारावं. शिक्का असेल आणि 'रद्द' असं त्यावर नसेल तर ते पुस्तक कोणाच्या तरी वाचनालयातून परत न गेलेलं असू शकतं, आणि ज्याचा स्वतःचा खंड असाच गेला त्याला तसलं पुस्तक देऊ नये. मला पाठवलेली पहिली प्रत याच कारणाने मी नाकारली. नंतरची मिळाली ती कुण्या वकिलांच्या घरातली, नावाचा ठसा असलेली, फॉर्मे पूर्ण, कडा पिवळ्या पण कसर नसलेली.

ती हातात आली तेव्हा मामाला फोन केला. "मामा, तुंबाडचे खोत वाचायला हवेत, येताना घेऊन जाऊ?"

"पैलो खंड आसा, न्हे," मामा म्हणाला. "दुसरो कोणी न्हेलो तो परत इलोच नाय. नवो घेवक होयो एकदा."

हवं होतं ते कळलं. वाट पाहणं संपलेलं होतं आणि हवासा वाटणं शिल्लक होतं. पण शेवटचं वाक्य धोक्याचं. मामा पुस्तकं कुडाळच्या एका विक्रेत्याकडून मागवतो, त्यांना मी लगेच कळवलं की सरांनी तुंबाड मागितलं तर थोडं थांबवा, कारण आहे. ते हसले आणि हो म्हणाले. छोट्या गावातल्या पुस्तकविक्रेत्याला असं सांगून ठेवण्यासारखा दुसरा उपाय नाही. गिऱ्हाइकाने काय घेतलंय तेही त्यांना आठवतं. पण ती माहिती मी मागितली नाही, फक्त थांबवायला सांगितलं.

पहिल्या पानावर काही लिहिलं नाही. भेटीच्या पुस्तकावर शाईने लिहायची आपली पद्धत जुनी आहे, पण जोवर ते पुस्तक घरात टिकणार याची खात्री नाही तोवर ती शाई बदलून घेण्याची वाट बंद करते. नव्या पुस्तकाच्या बाबतीत तर दुकानदार लिहिलेलं पुस्तक परत घेतच नाही. मी एका जाड कागदावर चार ओळी लिहून आत ठेवल्या. मामाला हवं असेल तर तो कागद चिकटवेल, नाहीतर पानखूण म्हणून वापरेल.

त्याने खाकी कागद सोडवला, कण्यावरचं नाव पाहिलं आणि आधी शेवटचं पान उघडलं, मग मधलं, मग पुन्हा सुरुवात. मी ओळखलं, तोही फॉर्मे मोजत होता. मग आत जाऊन पहिला खंड घेऊन आला आणि दोन्ही टेबलावर उभे केले. उंची जुळली. टाइप केलेल्या यादीत त्या ओळीपुढे त्याने स्वतःच्या हाताने 'खंड दुसरा' लिहिलं, आवृत्ती लिहिली, आणि कोणाकडून आलं तेही लिहिलं.

मग दोन्ही खंड माझ्यापुढे सरकवले. "मागितलंस ना? आता दोनय न्हे. पण आधी वयीत लिव."

मी वहीत लिहिलं.